रागाचं वाक्य नाराजीत कसं बदलायचं?

प्रश्न: धाकटा भाऊ पुण्याला असतो. जोतिबाच्या यात्रेला आदल्या रात्री येतो म्हणाला आणि आलाच नाही, कळवलंही नाही. मी त्याला लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही: "तुला आमची काडीची किंमत नाही. पुण्याला गेल्यापासून लई मोठा झालायस. परत तोंड दाखवू नकोस." भांडण नको आहे, पण मला लागलंय हे त्याला कळायला हवं. कसं लिहू?

उत्तर: ताई, पाठवलं नाहीत ते बरं केलंत. मीही कोल्हापूरचीच. आपल्याकडे समोरासमोर "लई मोठा झालायस" म्हटलं तर त्यातली माया आवाजातून कळते. मोबाईलवर आवाज पोचत नाही, नुसता आरोप पोचतो.

तुमची तिन्ही वाक्यं त्याच्याबद्दल आहेत. पहिलं त्याच्या मनात काय आहे ते ठरवतं, दुसरं त्याचा स्वभाव ठरवतं, तिसरं शिक्षा देतं. तुम्हाला काय झालं हे एकाही वाक्यात नाही. "किंमत नाही" वाचल्यावर तो लगेच म्हणेल, "किंमत नसती तर आईच्या औषधाला पैसे कशाला पाठवले असते?" मग वाद पैशांवर जाईल आणि त्या रात्रीचं राहूनच जाईल. वाक्य रागाचं आहे की नाराजीचं हे मी असंच ओळखते: समोरच्याला "हे खोटं आहे" म्हणता येत असेल, तर तो अजून आरोपच आहे. "मला लागलं" याला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

म्हणून आधी त्याच्या मनातलं सगळं काढून टाका आणि घडलेलं तेवढं ठेवा. तो काय म्हणाला होता, त्यावर विसंबून घरी काय केलं, आणि कळलं कधी. नाराजी म्हणजे अपेक्षा मोडणं, तेव्हा अपेक्षा काय होती हे वाक्यात दिसलंच पाहिजे. आपल्या भाषेत त्यासाठी "मला वाटलं होतं" हे तयारच आहे. त्यातल्या "होतं"मध्येच कळतं की तसं झालं नाही, वेगळा दोष द्यावा लागत नाही. "नेहमी", "कधीच" हे शब्द मात्र काढाच. तो एक दिवस वेळेवर आलेला आठवून देईल आणि तुमचं म्हणणं पडेल.

तुम्ही तपशील दिलेले नाहीत, म्हणून मी अंदाजाने लिहिते. तुमच्या घरी जे घडलं ते त्या जागी घाला:

"तू आदल्या रात्री येतो म्हणालास, म्हणून आम्ही जेवायचे थांबलो होतो. मला वाटलं होतं, सकाळी तिघं मिळून डोंगरावर जाऊ. दहा वाजता मीच फोन केला तेव्हा कळलं की तू निघालाच नाहीस. यायला जमलं नाही हे मी समजू शकते. पण तू आपणहून कळवलं नाहीस, ते मला फार लागलं."

यात शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम आहे. न येणं आणि न कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमकं कशानं दुखलं हे तुम्हीच आधी ठरवायला हवं. न येण्यानंच दुखलं असेल तर ते वाक्य काढा आणि शेवटी लिहा, "तुझ्याशिवाय डोंगर चढताना मला फार वाईट वाटलं." खोटा समजूतदारपणा लिहू नका, तो पुढच्या भांडणात बाहेर येतो.

आता बहुतेकांचं जिथं बिघडतं ते सांगते. वाक्यातून राग काढून टाकायला गेलं की त्याच्याजागी टोमणा येतो: "असू दे, तुझी कामं महत्त्वाची." दिसायला शांत आहे, पण यात राग जास्त आहे, आणि तो साळसूदपणे "हो ना, खरंच काम होतं" म्हणून मोकळा होईल. दुसऱ्या टोकाला "जरा वाईट वाटलं, पण जाऊ दे" येतं. "जरा" आणि "जाऊ दे" या दोन शब्दांनी तुमचं दुखणं तुम्हीच पुसता. आरोप काढून टाकायचा म्हणून दुःखही कमी करायचं, असं नाही. "फार लागलं" तसंच राहू द्या.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "आई रात्रभर रडली" असं लिहायचा मोह होईल. आईचं दुःख आईला सांगू द्या. तिला पुढे केलं की तो तिला फोन करून "सॉरी" म्हणेल, आई "काही नाही रे बाळा" म्हणेल, आणि तुम्हाला लागलेलं तसंच राहील.

हे आधीही झालं असेल, तर एकाच रात्रीबद्दल लिहिणं अपुरं पडेल. तेव्हा पक्कं आठवतं असं एकच उदाहरण जोडा: "दिवाळीलाही असंच झालं होतं, तेव्हा मी बोलले नाही." सगळी यादी काढली की पुन्हा आरोपपत्र होतं.

"परत तोंड दाखवू नकोस"च्या जागी काय, हे उरलं. तुम्हाला तो यायलाच हवा आहे ना? मग तेच मागा, वेगळ्या ओळीत: "पुढच्या वेळी जमणार नसेल तर संध्याकाळपर्यंत एक फोन कर."