‘बाकी बघून घे’ म्हणजे नेमकं काय करायचं?

*मुलगा बी.कॉम. होऊन एका होलसेल फर्मच्या अकाउंट्समध्ये लागलाय. ‘जुन्या पार्ट्यांची बाकी बघून घे’ असं साहेब म्हणाले. यानं सगळ्यांना तगाद्याचे मेल धाडले. एक मोठी पार्टी भडकली आणि साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. नवीन असताना फार प्रश्न विचारू नयेत, हे मी आधीच बजावलं होतं. आता नोकरी सोडून एमपीएससी करायला लावू का?*
*— एक वडील, सांगली*

साहेब, मेलपेक्षा तुमच्या त्या बजावण्यानं मला जास्त काळजी वाटली. मुलगा चुकला तो तुमचं ऐकून. एमपीएससी त्याला स्वतःला करायची असेल तर जरूर करू द्या. झापलं म्हणून नको.

प्रश्न विचारला की ‘याला काही येत नाही’ असा शिक्का बसतो, हा समज अर्धाच खरा आहे. ‘सर, काय करू?’ असं विचारलं तर बसतोच, कारण विचार करायचं काम साहेबांवरच परत ढकललं जातं. पण स्वतः विचार करून, पर्याय मांडून विचारणाऱ्याला कामातलं कळतं, हे साहेबांना त्या प्रश्नातूनच दिसतं.

त्या एका वाक्यात किती फाटे होते बघा. नुसती यादी काढायची, की वसुलीही करायची? आणि ‘जुनी’ म्हणजे समजा ९० दिवसांवरची, तर ते दिवस कुठून मोजायचे? पार्टीला ४५ दिवसांची उधारी असेल, तर १०० दिवसांपूर्वीचं बिल मुदतीनंतर ५५ दिवसच थकलेलं असतं. टॅलीत बिलाच्या तारखेपासून मोजलं तर ते नव्वदीच्या पुढे, मुदतीपासून मोजलं तर नाही. म्हणजे यादीच बदलते.

त्यानं आधी मागच्या वेळची फाइल बघायची. तिथं उत्तर नसेल तर एवढा मेसेज पुरे होता:

‘सर, मुदत संपून ९० दिवस झालेली येणी असं मी धरतोय. अ) फक्त यादी करून तुम्हाला देऊ, की ब) यादीबरोबर पार्ट्यांना मेलही पाठवू? सध्या अ सुरू करतो, ४ वाजता यादी देतो. तुम्ही सांगेपर्यंत मेल पाठवत नाही.’

‘सध्या अ’ हे मुद्दाम आहे. साहेब मीटिंगमध्ये असले तरी काम अडत नाही, आणि यादी चुकली तर पुन्हा काढता येते. गेलेला मेल परत घेता येत नाही. पर्याय दोन, फार तर तीन द्यावेत. पाच दिले तर कोणी वाचत नाही. त्यावर नुसतं ‘हो’ आलं, तर ते अ ला की ब ला? तेव्हा ‘म्हणजे ब, आज मेल जातील ना?’ एवढं विचारून मगच हात लावायचा.

मात्र फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू, अशा बारीक गोष्टींसाठी हा थाट करू नये, साहेब वैतागतील. आणि काही साहेब चूक अंगावर येऊ नये म्हणून मुद्दामच मोघम बोलतात. त्यांच्याकडून धड उत्तर यायचं नाही, पण आपण काय समजून काम केलं, ते निदान लेखी राहतं.