टॉवेल कंपनीचा लाभांश: एकाच नफ्यावर किती वेळा कर?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची टॉवेल विणणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. ४० टक्के शेअर माझे, ६० टक्के आमच्याच घरच्या दुसऱ्या कंपनीचे. त्या कंपनीत मी, भाऊ आणि आई सारखे वाटेकरी. तिचा सूतविक्रीतला १२ लाखांचा जुना तोटा वहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवेल कंपनीने ५० लाख लाभांश दिला. कंपनीने आधीच कर भरला होता, तरी माझ्या २० लाखांतून दोन लाख कापले आणि सीए म्हणतात आणखी भरा; दुसऱ्या कंपनीलाही भरावा लागेल म्हणे. मी संचालक आहे, निर्यातीचे काम बघते, पगार घेत नाही. भाडे वगैरे माझे उत्पन्न २५ लाखांचे आहे. भाऊ म्हणतो, यापुढे लाभांश नको, कर्ज म्हणून उचलू. एकाच पैशावर हे किती वेळा चालणार?

उत्तर:

आपल्या सनदी लेखापालांचे म्हणणे बरोबर आहे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे. नफा तिचा, आणि लाभांश हे भागधारकाचे स्वतंत्र उत्पन्न. बाचा गझदर या मुंबईच्या भागधारक बाईंनी चहा कंपन्यांच्या लाभांशाबाबत हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. कंपनीचे ६० टक्के उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त आहे, तर माझ्या लाभांशाचा तेवढा भागही शेतीचेच उत्पन्न माना, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने १९५४ साली ते नाकारले: भागधारकाचा कंपनीच्या मालमत्तेवर हक्क नसतो, जाहीर झालेल्या लाभांशातल्या वाट्यावर असतो, आणि कंपनीकडे पैसा कोणत्या वाटेने आला हे त्याच्या हाती पोहोचेपर्यंत पुसले जाते. त्यामुळे ‘कंपनीने आधीच भरला’ हा बचाव विवरणपत्रात उपयोगी पडत नाही.

आपल्या आकड्यांत हे असे दिसते. टॉवेल कंपनी २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेत असावी असे मी धरतो. अधिभार व उपकर मिळून तो २५.१६८ टक्के होतो. म्हणजे १०० रुपये नफ्यातून कंपनीकडे ७४ रुपये ८३ पैसे उरतात. ते आपल्याला वाटले की आपले इतर उत्पन्न २५ लाखांचे असल्यामुळे त्यावर ३० टक्के आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतात, आणि हातात ५१ रुपये ४८ पैसे येतात. आपल्या २० लाखांवर एकूण कर ६ लाख २४ हजार. कापलेले दोन लाख वळते करून ४ लाख २४ हजार भरायचे राहतात. विवरणपत्राची तारीख ३१ जुलै २०२६ आहे आणि अग्रिम कर कमी भरला असेल तर व्याजही लागेल. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असल्याने अधिभार मात्र नाही.

हा भार हलका करण्याच्या पद्धती देशागणिक वेगळ्या आहेत. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून कंपनीने भरलेला कर भागधारकाच्या नावे जमा धरला जातो: १०० नफा, ३० कंपनीचा कर, ७० लाभांश, भागधारकाचा दर ४५ टक्के असेल तर तो वरचे १५ तेवढे भरतो. आपल्याकडेही १९२२ च्या कायद्याखाली अशीच जमा मिळत असे. ती १९५९ च्या वित्त कायद्याने बंद झाली. पुढे १ जून १९९७ पासून लाभांश वाटणाऱ्या कंपनीनेच वाटपकर भरावा आणि भागधारकाचा लाभांश करमुक्त असावा, अशी व्यवस्था आली. एका वर्षाचा खंड वगळता ती ३१ मार्च २०२० पर्यंत चालली. ज्येष्ठ लोक अजून तिची आठवण काढतात, पण तिच्यात एक खोट होती. अखेरीस तो कर अधिभार धरून २०.५६ टक्क्यांवर गेला होता आणि करपात्र उत्पन्नच नसलेल्या आजीबाईंच्या वाट्यातूनही तेवढाच जाई. आता प्रत्येक भागधारक आपापल्या दराने भरतो. आपल्या आईंसाठी हीच पद्धत चांगली आहे, हे पुढे दिसेल.

आता दुसऱ्या कंपनीकडे वळू, कारण आपल्या प्रकरणात तोडगा निघण्यासारखी जागा तीच आहे. तिला ३० लाख मिळाले आहेत. ते तिच्याही उत्पन्नात धरून २५.१६८ टक्के कर लागला आणि उरलेले मग आपल्याला वाटले, तर मूळ १०० रुपयांतून आपल्या दराच्या भागधारकाकडे ३८ रुपये ५३ पैसेच पोहोचतील. हा तिसरा थर टाळण्यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०एम आहे. मिळालेल्या लाभांशापैकी जेवढा कंपनीने स्वतःच्या भागधारकांना वाटला, तेवढी वजावट तिला मिळते. २२ टक्क्यांचा दर निवडलेल्या कंपनीलाही ती मिळते. टॉवेल कंपनीने तिच्या वाट्यातून कापलेले तीन लाख तेवढ्या प्रमाणात परत मागता येतात.

मात्र वाटप विवरणपत्राच्या तारखेच्या एक महिना आधी व्हावे लागते. कंपनीची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६, म्हणून वाटपाची शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२६. इथे लोक हमखास घसरतात. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरला घेतली आणि कंपनी कायदा लाभांश देण्यास ३० दिवस देतो म्हणून पैसे १२ ऑक्टोबरला दिले. खात्याने वजावट नाकारली आणि वाद आजही अपिलात आहे. कलमातील शब्द ‘वाटलेला’ असा आहे, ‘जाहीर केलेला’ असा नाही. आपण सभा ऑगस्टमध्येच घ्यावी, पाच दिवसांत रक्कम लाभांशाच्या स्वतंत्र बँक खात्यात वर्ग करावी आणि सप्टेंबर संपण्याआधी ती प्रत्येकाच्या खात्यात गेल्याचे बँक विवरण जपून ठेवावे. विवरणपत्राला मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नये.

आपल्या प्रश्नातील सर्वांत अवघड गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे: तो १२ लाखांचा जुना तोटा. कंपनी कायद्याच्या कलम १२३ नुसार मागील वर्षांचा तोटा चालू वर्षाच्या नफ्यातून भरून काढल्याशिवाय लाभांश जाहीर करता येत नाही. म्हणजे ३० लाख आले तरी सगळे पुढे वाटता येणार नाहीत. उलट आयकरात, व्यापारातला मागून ओढत आणलेला तोटा व्यापाराच्या नफ्यातूनच वजा होतो, आणि गुंतवणुकीवरचा लाभांश ‘इतर उत्पन्न’ या सदरात येतो. एक कायदा सांगतो तोटा आधी भरा, दुसरा सांगतो तो इथे वजा करू नका; मधल्या रकमेवर कर लागतो.

पुढे आणखी एक गुंता आहे. न वाटलेल्या रकमेवरचा कर हाही कंपनीच्या नफ्यातूनच जातो, म्हणून वाटण्यायोग्य रक्कम १८ लाखही राहत नाही. इतर उत्पन्न, खर्च आणि राखीव निधी काहीच नाही असे धरून हिशेब मांडला, तर वाटता येण्याजोगी रक्कम सुमारे १३ लाख ९६ हजार निघते. उरलेल्या १६ लाख ४ हजारांवर सुमारे ४ लाख ४ हजार कर, १२ लाख तोट्याची भरपाई, आणि १३ लाख ९६ हजार लाभांश: बेरीज ३० लाख. ताळेबंदात राखीव निधी असेल किंवा तोट्यात वजा न झालेला घसारा मिसळलेला असेल तर आकडा बदलेल, कारण घसाऱ्याचे नियम वेगळे आहेत. लेखापालांकडून ही फोड आधी मागवून घ्यावी. यंदा हा कर टाळता येईल असे मला दिसत नाही. पण यात तोटा वहीतून निघून जातो आणि पुढच्या लाभांशापासून पूर्ण रक्कम पुढे जाऊ शकते.

त्या वाटपात आईंच्या वाट्याला सुमारे ४ लाख ६५ हजार येतील. त्यांचे एवढेच उत्पन्न असेल तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या करसवलतीमुळे त्यांना काही भरावे लागणार नाही. त्यांचे वय साठ किंवा अधिक असेल तर वाटपापूर्वी त्यांनी कर न कापण्याचे स्वयंघोषणापत्र कंपनीला द्यावे, म्हणजे परताव्याची वाट पाहावी लागणार नाही. हे वाटप १ एप्रिल २०२६ नंतरचे असल्याने त्यांच्या बाबतीत २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होईल. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत.

भावांची सूचना मात्र कृपया स्वीकारू नका. ज्या कंपनीत जनतेचा भरीव सहभाग नाही तिने दहा टक्के किंवा अधिक मतांच्या भागधारकाला कर्ज दिले, तर संचित नफ्याच्या मर्यादेपर्यंत ते कर्जच लाभांश मानले जाते. नव्या कायद्यातील लाभांशाच्या व्याख्येतही ही तरतूद आहे. वर्षअखेर परत केले तरी सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तरुलता श्याम प्रकरणात सांगितले आहे. त्यात आपण संचालक आहात. कंपनी कायद्याचे कलम १८५ संचालकांना कर्ज देण्यास मनाई करते. खासगी कंपन्यांना त्यातून सूट आहे, पण ज्या कंपनीच्या भागभांडवलात दुसऱ्या कंपनीने पैसा घातला आहे तिला ती मिळत नाही, आणि आपल्याकडे ६० टक्के तसेच आहेत. उल्लंघनाला कंपनीला ५ ते २५ लाख दंड आहे आणि संचालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

त्यापेक्षा आपण निर्यातीचे काम पाहून पगार घेत नाही, हेच मला महाग वाटते. पगार हा टॉवेल कंपनीचा खर्च आहे. त्यावर तिचा कर लागत नाही, फक्त आपला लागतो, आणि १०० रुपयांतून आपल्या हातात ६८ रुपये ८० पैसे राहतात. संचालक मंडळाचा ठराव करून, कामाचे स्वरूप लिहून, बाजारात अशा कामाला जो मोबदला मिळतो तेवढाच ठरवावा. नातेवाइकांना दिलेला अवाजवी मोबदला अधिकारी नामंजूर करू शकतात, आणि भागधारणेच्या प्रमाणात वर्षअखेरीस बोनस काढला तर तो लाभांशाऐवजी दिला असे म्हणून वजावट नाकारली जाऊ शकते. मागील वर्षाच्या तारखा घालून मात्र हा ठराव करू नये. तो पुढच्या महिन्यापासूनच लागू होईल.