विभागीय खाती: चढवून दिलेला माल आणि अखेरच्या साठ्यात अडकलेला नफा

प्रश्न: आमच्या दुकानात कापड विभाग तयार कपड्यांच्या विभागाला मूळ किमतीवर २५ टक्के चढवून माल देतो. तयार कपड्यांचा अखेरचा साठा ६०,००० रुपये आहे. मी त्यावर २५ टक्के, म्हणजे १५,००० राखीव काढली, तर ती चूक आहे असे सांगण्यात आले. मग किती काढायची? आणि गेल्या वर्षीच्या राखीवेचे काय करायचे?

उत्तर:

तुमच्या १५,००० मध्ये दोन चुका आहेत. त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्याशिवाय पुढचे उदाहरण पुन्हा चुकेल.

पहिली चूक टक्क्यांच्या पायाची आहे. १०० रुपयांचे कापड १२५ रुपयांना दिले की २५ टक्के हा नफा मूळ किमतीवरचा असतो, पण घेणाऱ्या विभागाच्या वहीत ते कापड १२५ नेच येते आणि अखेरच्या साठ्यातही त्याच भावाने उभे राहते. म्हणून साठ्यातल्या रकमेतून नफा वेगळा काढायचा तर १२५ पैकी २५, म्हणजे एक पंचमांश किंवा २० टक्के घ्यायचा. मूळ किमतीवरचा एक चतुर्थांश हस्तांतरण किमतीवर एक पंचमांश होतो आणि एक पंचमांश एक षष्ठांश होतो, हे एकदा मनात बसले की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

दुसरी चूक अधिक खोलवरची आहे. तयार सदऱ्याच्या किमतीत कापडाखेरीज शिंप्याची मजुरी, अस्तर, बटणे आणि दोराही असतो. या गोष्टी दुकानाने बाहेरून विकत घेतलेल्या आहेत. त्यांच्यावर कोणत्याही विभागाने नफा चढवलेला नाही. राखीव फक्त साठ्यातल्या कापडाच्या भागावर काढायची असते.

तुमचे बाकीचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून साठा आणि चढावा तुमचाच ठेवून उरलेले आकडे मी गृहीत धरतो. कापड विभागाचा सुरुवातीचा साठा ६०,०००, खरेदी ६,००,०००, बाहेरची विक्री ४,७५,०००, तयार कपड्यांना दिलेला माल हस्तांतरण किमतीने २,५०,००० आणि अखेरचा साठा ८०,००० आहे. तयार कपड्यांच्या विभागाचा सुरुवातीचा साठा ४५,०००, कापड विभागाकडून आलेला माल २,५०,०००, मजुरी आणि इतर सामान मिळून १,२५,०००, विक्री ४,६०,००० आणि अखेरचा साठा ६०,००० आहे. हा सगळा साठा शिवून तयार झालेल्या कपड्यांचा आहे.

विभागीय व्यापार खात्यात कापड विभागाचा ढोबळ नफा १,४५,००० येतो आणि तयार कपड्यांचा १,००,०००. या दोन्ही आकड्यांना हात लावायचा नाही. हस्तांतरण एका विभागाची विक्री आणि दुसऱ्याची खरेदी म्हणून चढ्या भावानेच दाखवायचे असते, कारण प्रत्येक विभागाचे काम स्वतंत्रपणे तोलता यावे यासाठीच ही खाती वेगळी ठेवलेली असतात.

आता अखेरच्या साठ्यातले कापड किती ते पाहू. या वर्षी तयार कपड्यांवर एकूण ३,७५,००० खर्च झाले आणि त्यांपैकी २,५०,००० कापडाचे आहेत, म्हणजे दोन तृतीयांश. ६०,००० च्या साठ्यात कापड ४०,००० चे, आणि त्याचा एक पंचमांश म्हणजे ८,००० ही या वर्षीची राखीव. तुमच्या १५,००० च्या जवळपास निम्मीच.

सुरुवातीच्या साठ्याचा हिशेब गेल्या वर्षीच्या दराने करायचा. समजा, गेल्या वर्षी चढावा मूळ किमतीवर २० टक्के होता आणि ४५,००० पैकी ३०,००० कापडाचे होते. तर नफा एक षष्ठांश, म्हणजे ५,०००. या वर्षीचा एक पंचमांश तिथे लावला तर ६,००० येतील आणि गेल्या ताळेबंदातल्या राखीव खात्याशी आकडा जुळणार नाही. ही ५,००० ची राखीव गेल्या वर्षी नफ्यातून मागे ठेवली होती, कारण ते कपडे तेव्हा दुकानातच पडून होते. या वर्षी ते गिऱ्हाइकाच्या घरी गेले, नफा खरोखर पदरात पडला, म्हणून ती परत जमा होते.

नोंदी दोनच आहेत आणि दोन्ही सर्वसाधारण नफा-तोटा खात्यातून होतात. साठा राखीव खाते नावे करून ५,००० सर्वसाधारण नफा-तोटा खात्याला जमा. मग सर्वसाधारण नफा-तोटा खाते नावे करून ८,००० साठा राखीव खात्याला जमा. निव्वळ परिणाम ३,००० चा. सामाईक खर्च वजा करण्याआधी दुकानाचा नफा २,४५,००० नव्हे, तर २,४२,००० होतो. ताळेबंदात दोन्ही विभागांचा साठा १,४०,००० दाखवून त्यातून ८,००० वजा करायचे, म्हणजे १,३२,००० उरतात.

हे बरोबर आले की नाही, याची माझी नेहमीची पडताळणी अशी: विभाग नाहीतच असे समजून सगळे दुकान मूळ किमतीने एकाच खात्यात मांडावे. बाहेरची विक्री ९,३५,०००. अखेरचा साठा ८०,००० अधिक ५२,०००, म्हणजे १,३२,०००. सुरुवातीचा साठा ६०,००० अधिक ४०,०००, म्हणजे १,००,०००. बाहेरची खरेदी आणि मजुरी ७,२५,०००. नफा बरोबर २,४२,०००. कापडाच्या भागावर तुम्ही २५ टक्के लावून १०,००० राखीव काढली असती, तर तुमच्या खात्यात २,४०,००० आले असते आणि २,००० च्या फरकावरून पाया चुकल्याचे लगेच कळले असते.

प्रत्यक्ष दुकानात मात्र दोन तृतीयांशाचे प्रमाण डोळे मिटून लावू नका. मी सुरुवातीला एका दुकानाचा हिशेब लिहीत असताना मोजणीच्या यादीत न कापलेले तागे आणि शिवलेले कपडे एकाच बेरजेत घेतले आणि सगळ्याला सरासरी प्रमाण लावले. ताग्याला मजुरीचा स्पर्शही झालेला नसतो, त्यामुळे त्याची पूर्ण रक्कम कापडाचीच धरायला हवी होती. माझी राखीव कमी पडली. यादी करतानाच दोन रकाने ठेवले तर ही अडचण येत नाही.

विभागप्रमुखांना नफ्यावर दलाली असेल आणि करारात न वसूल झालेला नफा वगळण्याची अट असेल, तर कपात माल देणाऱ्या विभागाच्या नफ्यातून करायची, घेणाऱ्याच्या नव्हे. चढावा कापड विभागाने कमावलेला आहे. विभागीय खर्च बाजूला ठेवला तर इथे १,४५,००० ऐवजी १,४२,००० वर दलाली मोजली जाईल. परीक्षेच्या उदाहरणात दिलेला नफा दलाली वजा केल्यानंतरचा आहे का, हे आधी वाचून घ्या. तसा असेल तर प्रथम दलाली मिळवून मूळ नफा काढायचा आणि मगच राखीव वजा करायची.

शेवटी एक मर्यादा. माल जुना झाला म्हणून घेणाऱ्या विभागाने आपला साठा आधीच कमी किमतीने लावला असेल, तर पूर्ण राखीव काढणे म्हणजे एकच रक्कम दोनदा कापणे होय. ४०,००० च्या कापडाचा भाग त्यांनी ३५,००० ने दाखवला असेल, तर दुकानाची मूळ किंमत ३२,०००च असल्यामुळे राखीव ३,००० पुरते. तो ३२,००० किंवा त्याहून खाली लावला असेल, तर राखीव काढायचीच नाही.