पातळ पत्र्यात दणकट आटे: रिव्हेट नटविषयी तुमचे प्रश्न

वसईत पॅनल बॉक्सचं काम करतो. पत्रा १.२ एमएमचा. त्यात टॅप मारून सहाचे आटे पाडले तर दोनतीनदा बोल्ट काढल्यावर आटे जातात. टॅप नीट मारला तर चालेल का?

नाही चालणार. एम-६ च्या आट्यांचं अंतर १ एमएम असतं, म्हणजे तुमच्या पत्र्यात जेमतेम एक आटा बसतो आणि बोल्टचा सगळा ताण त्या एकावरच येतो. रिव्हेट नटमध्ये आटे पत्र्यात नसतात, नटच्या नळीत असतात, म्हणून ते पुरेसे मिळतात. रिव्हेट नट गनने नट पुल केला की नळीचा आटे नसलेला भाग पत्र्यामागे फुगतो आणि पत्रा पुढची कॉलर व मागचा फुगा यांच्यात आवळला जातो. मागे हात जात नसेल तरी काम होतं.

एम-६ चे रिव्हेट नट बसवले. बोल्ट आवळताना दहातले चार नट जागच्या जागी फिरतात. नट खराब आहेत का?

नट बदलण्याआधी भोक मोजा. एम-६ च्या गोल नटला बहुधा ९ एमएमचं भोक लागतं, तरी पाकिटावरचं माप बघून घ्याच. पातळ पत्र्यात साधा ड्रिल बिट थेट घातला की टोक आरपार जातं, बिट डगमगतो आणि भोक तिकोनी होतं. कॅलिपर दोन दिशांनी लावून बघा: एकीकडे ९.१ आणि दुसरीकडे ९.५ आलं तर तेच कारण. नटच्या अंगावरच्या बारीक रेघांना चावायला कडच मिळत नाही.

पंचने खूण करा, ३ एमएमचं पायलट भोक पाडा आणि पुढे स्टेप ड्रिल वापरा. नागदेवी स्ट्रीटला स्टेप ड्रिल घेताना त्यावर ९ ची पायरी आहे का ते बघून घ्या, कारण बऱ्याच ड्रिलांवर ८ नंतर थेट १० असते. बर्र हलक्या हाताने काढा. काउंटरसिंक मारू नका, एवढ्या पातळ पत्र्यात कडच नाहीशी होते.

भोक बरोबर असेल तर पुल कमी पडतोय. पत्रा जितका पातळ तितका नट जास्त दबावा लागतो, म्हणून १.६ च्या पत्र्यावर लावलेली गनची सेटिंग १.२ ला चालत नाही. त्याच जाडीचा तुकडा घ्या, त्यात नट बसवा आणि मागून बघा. फुगा सगळीकडून सारखा आणि पत्र्याला चिकटलेला दिसला पाहिजे. फट दिसली तर स्ट्रोक थोडा वाढवा आणि नव्या नटवर पुन्हा बघा. पण जास्त ओढलं की आटेच ताणले जातात. गनचा मँड्रेल बाहेर काढताना अडकू लागला तर ती त्याचीच खूण आहे. मी एकदा घाईत तुकड्यावर न बघता अख्खी बॅच बसवली होती. तिचे निम्मे नट ड्रिल करून काढावे लागले.

आणखी एक: जाड पत्र्यासाठीचा लांब नट पातळ पत्र्यात घातला तर कितीही ओढा, फुगा पत्र्यापर्यंत पोचत नाही. पाकिटावर पत्र्याच्या जाडीची मर्यादा लिहिलेली असते. पावडर कोटिंग असेल तर त्याचा थरही त्या जाडीत धरा.

टेम्पोच्या टपावर कॅरिअर लावलं. नट घट्ट बसला होता, पण बोल्ट आवळल्यावर पत्र्यासकट वर ओढला गेला. असं का?

कॅरिअरच्या पट्टीचं भोक बघा. ते नटच्या कॉलरपेक्षा मोठं असलं तर पट्टी कॉलरवर टेकत नाही, आजूबाजूच्या पत्र्यावर टेकते. मग बोल्ट आवळला की नट वायसरकडे ओढला जातो आणि पत्रा त्याच्याबरोबर उचलला जातो. पट्टीचं भोक ६.५ ठेवा, म्हणजे पट्टी थेट कॉलरवर बसेल. मध्ये रबर घालायचं असेल तर ते कॉलरभोवती कापून घ्या. नाहीतर रबर दबत राहतं आणि बोल्ट सैल पडतो.

चेंबूरला घरी खिडकीच्या फ्रेमवर बसवलेला नट बोल्टसकट फिरतोय, बोल्ट निघत नाही.

आधी कॉलर पकडायची. कॉलर आणि पत्रा यांच्यात पातळ स्क्रूड्रायव्हरचं पातं सरकवून दाबून धरा आणि बोल्ट फिरवा. नाही जमलं तर बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवा, मग प्लायरने कॉलर धरून ९ च्या बिटने ती कापा. नट मागे पडतो, फ्रेममध्ये खडखडत राहू नये म्हणून तो बाहेर कुठून काढायचा ते आधी बघून ठेवा.

बोल्ट आणि नट दोन्ही स्टेनलेसचे असतील तर आटे एकमेकांना जाम होतात. पुढच्या वेळी आट्यांना अँटी-सीझ लावा आणि बोल्ट मशीनने जोरात फिरवू नका, हाताने आवळा. आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर समुद्राकडच्या दमट हवेत स्टेनलेस नटभोवती ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं, म्हणून तिथे ॲल्युमिनियमचाच नट घ्या. त्याचे आटे मऊ असतात, त्यामुळे बोल्ट आवळताना हात आवरा.