शून्य बिलाचे आश्वासन आणि साताऱ्याकडचे ते छप्पर

प्रश्न: ३ किलोवॅट सोलर बसवले तर वीजबिल खरेच शून्य येते का? केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतले ७८ हजारांचे अनुदान नक्की कधी हातात पडते?

छपरांवर पॅनेल बसवण्याचे काम मी करतो आणि ‘शून्य बिल’ हे दोन शब्द मला सहन होत नाहीत. माझ्या पूर्वीच्या भागीदाराने ते पत्रकावर छापायचा हट्ट धरला, त्यावरूनच आमचे फाटले.

साताऱ्याजवळच्या एका निवृत्त गुरुजींना त्याने तेच ऐकवले होते. त्यांचा वापर महिना सुमारे ३१० युनिट होता आणि ३ किलोवॅटची सरासरी निर्मिती ३५०च्या आसपास जाते, त्यामुळे हिशेब कागदावर चोख दिसत होता. मात्र महावितरणला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली, अशी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर लागला जूनच्या अखेरीस. जुलैत ढगांमुळे १८० युनिटच तयार झाले आणि उरलेल्या १३० युनिटांसह स्थिर आकाराचे बिल आले. गुरुजींनी ते माझ्या टेबलावर ठेवले तेव्हा भागीदार बाहेरगावी होता. हीच यंत्रणा फेब्रुवारीत सुरू झाली असती, तर एप्रिल-मेचे शिल्लक युनिट पावसाळ्यात वापरता आले असते. ही शिल्लक दरमहा पुढे जाते, पण ३१ मार्चला तिचा हिशेब कमी दराने मिटवला जातो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात शहाणपण नाही. स्थिर आकार तर निर्मिती कितीही झाली तरी भरावाच लागतो.

अनुदानाचे म्हणाल तर पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. त्यापुढे कितीही वाढवले तरी रक्कम ७८ हजारांवरच थांबते. ही रक्कम पॅनेल बसून, नेट मीटर लागून, महावितरणची तपासणी झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येते, तोवर पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. गुरुजींचे मीटर त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होते, म्हणून अर्जाआधी नाव बदलून घ्यावे लागले आणि त्यातच मीटरला उशीर झाला. pmsuryaghar.gov.in वर नोंदणी करण्यापूर्वी वीजबिल आणि बँक खात्यावरचे नाव एकच आहे ना, हे पाहा. पॅनेल देशी बनावटीचे, म्हणजे ‘डीसीआर’ प्रकारचे आहेत, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या. तसे नसल्यास अनुदान मिळत नाही.

जो विक्रेता तुमची मागील बारा महिन्यांची बिले न मागता बचतीचा आकडा सांगतो, त्याला दारातूनच परत पाठवा. माझा भागीदार ती कधीच मागत नसे.

अर्थात वरील आकडे सावली नसलेल्या, दक्षिणाभिमुख पॅनेलांचे आहेत; शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल तर ते घटतील. शिवाय बॅटरी नसलेली ही यंत्रणा वीज गेली की, भर दुपारीसुद्धा, बंद पडते, कारण दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसापर्यंत तुमची वीज पोहोचू नये अशी तिची रचनाच आहे. हे मात्र गुरुजींना मीही आधी सांगितले नव्हते.