पटाचा तक्ता जुळत नाही तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इयत्तावार मुले, मुली आणि एकूण असा तक्ता केला आहे. शेवटची एकूण संख्या काही केल्या जुळत नाही. सगळे पुन्हा मोजण्यापेक्षा सोपा मार्ग आहे का?

आहे. आधी आडवा ताळा घ्या : प्रत्येक इयत्तेची मुले अधिक मुली म्हणजे त्या ओळीतले एकूण येते का? मग उभा ताळा : मुलांचा रकाना, मुलींचा रकाना आणि एकूणचा रकाना यांच्या बेरजा स्वतंत्रपणे करून तळाच्या आकड्यांशी लावून पाहा. शेवटी तळाची मुले अधिक तळाच्या मुली म्हणजे तळाचे एकूण येते का ते पाहा. प्रत्येक ठिकाणी नुसती चुकीची खूण करून थांबू नका. फरक किती आणि कमी की जास्त, हेही बाजूला लिहा. पुढचे सगळे काम त्या फरकावरच चालते.

समजा, पाचवीच्या ओळीत मुले ३६, मुली २६ आणि एकूण ६५ लिहिले आहे. आडवा ताळा ३ ने कमी पडतो. मुलींच्या उभ्या रकान्यातही नेमके ३ कमी पडत असतील, तर चूक त्या ओळीच्या आणि त्या रकान्याच्या छेदावर आहे. मुली २९ असायला हव्यात. ओळ चुकते आणि तिच्याबरोबर फक्त एकूणचा रकाना तेवढ्याच फरकाने चुकतो, असे झाले तर मुले-मुलींचे आकडे ठीक आहेत आणि त्या ओळीचे एकूण चुकले आहे. सगळ्या ओळी जुळतात, पण एकच उभी बेरीज जुळत नाही, असे असेल तर बहुधा तळाचाच आकडा चुकला आहे.

यात एक गोष्ट मात्र फार वेळा निसटते. तळाचे आकडे वरच्याच आकड्यांची बेरीज करून भरले असतील, तर उभा ताळा नेहमीच जमणार, कारण चुकीच्या आकड्याची बेरीजही बरोबरच येते. तळाचे आकडे वर्गशिक्षकांकडून किंवा जनरल रजिस्टरवरून वेगळे मोजून आलेले असतील, तरच त्या ताळ्याला अर्थ आहे.

प्रश्न : आमच्या तक्त्यात आडव्या-उभ्या सगळ्या बेरजा जुळतात. तरी एकूण ३९६ येते आणि कार्यालयातला पट ४१४ आहे. चूक कुठे शोधायची? तक्ता सोबत दिला आहे.

| इयत्ता | मुले | मुली | एकूण |
|---|---|---|---|
| १ | २४ | २१ | ४५ |
| २ | २७ | २५ | ५२ |
| ३ | १३ | २६ | ३९ |
| ४ | २८ | ३३ | ६१ |
| ५ | ३६ | २९ | ६५ |
| ६ | ३४ | ३८ | ७२ |
| ७ | ३० | ३२ | ६२ |
| एकूण | १९२ | २०४ | ३९६ |

ताळा जमला याचा अर्थ बेरजा बरोबर आहेत, एवढाच. नोंदी बरोबर आहेत असा नाही. तुमच्या तक्त्यात एखादा आकडा उतरवतानाच चुकला असावा आणि पुढच्या सगळ्या बेरजा त्या चुकलेल्या आकड्यावर झाल्या असाव्यात.

पहिले काम कार्यालयाकडून ४१४ ची फोड मागवणे. फोड २१० मुले आणि २०४ मुली अशी आली, तर मुलींचा रकाना तूर्त बाजूला ठेवता येतो आणि शोध मुलांच्या सात आकड्यांपुरता उरतो.

आता फरकाकडे पाहा. तो १८ आहे आणि १८ ला नवाने पूर्ण भाग जातो. अशा वेळी दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय आधी घ्यावा. कारण साधे आहे. ३१ मधला ३ दशकस्थानी असतो, म्हणजे तो ३० असतो. तो एककस्थानी गेला की ३ उरतो आणि २७ कमी होतात. त्याच वेळी १ दशकस्थानी येतो आणि ९ वाढतात. दोन्ही मिळून १८ कमी. कोणत्याही दोन अंकी संख्येचे अंक उलटले, तर फरक नवाच्या पटीतच येतो आणि त्या फरकाला नवाने भागले की त्या दोन अंकांमधले अंतर मिळते. इथे १८ भागिले ९ म्हणजे २.

तेव्हा मुलांच्या रकान्यात असा आकडा शोधायचा, ज्याच्या दोन अंकांत २ चे अंतर आहे. शिवाय तुमची बेरीज कमी पडते आहे, म्हणून डावीकडचा अंक लहान हवा. सात आकड्यांतून दोनच उरतात : पहिलीचे २४ आणि तिसरीचे १३. म्हणजे सात हजेरीपट उघडायची गरज नाही. पहिलीचा आणि तिसरीचा उघडा. तिसरीवर संशय जास्त, कारण तिथे मुले मुलींच्या बरोबर निम्मी दिसतात आणि वर्गाचा ३९ हा आकडा आजूबाजूच्या वर्गांपेक्षा बराच खाली आहे. तरीही हजेरीपटातली नावे मोजल्याशिवाय १३ चे ३१ करू नका. हिशेबाने चुकीची जागा सुचते, खरा आकडा रजिस्टरमधूनच घ्यायचा.

हजेरीपटात ३१ निघाले, तर चार घरे दुरुस्त करावी लागतील : तिसरीची मुले ३१, तिसरीचे एकूण ५७, मुलांची बेरीज २१०, सगळ्याची बेरीज ४१४. पुष्कळदा पहिले आणि शेवटचे घर बदलले जाते, मधली दोन तशीच राहतात आणि जुळणारा तक्ता नव्याने बिघडतो.

या युक्तीची मर्यादाही ध्यानात ठेवा. कोणत्याही फरकाला योगायोगानेही नवातून एकदा नवाने भाग जातो. शेवटचे शून्य गळले तरी फरक नवाच्याच पटीत येतो. सातवीची ३० मुले ‘३’ अशी लिहिली गेली, तर २७ चा फरक पडेल. दोन चुका एकत्र झाल्या असतील, तर नवाचा नियम काहीच सांगणार नाही. मग इयत्तावार हजेरीपट लावून पाहण्याला पर्याय नाही.

प्रश्न : एकूण पट बरोबर आहे, पण मुले ५ ने जास्त आणि मुली ५ ने कमी दिसतात. हे कसे होते?

एका ओळीतले मुले-मुलींचे आकडे उलट घरांत पडले की असे होते. चौथीत खरे तर २८ मुले आणि ३३ मुली आहेत, पण लिहिताना ३३ आणि २८ झाले. ओळीचे एकूण ६१ च राहते, म्हणून आडव्या ताळ्यात काहीच दिसत नाही. तुमच्या तक्त्यात मुले मुलींपेक्षा नेमकी ५ ने जास्त असलेल्या ओळी शोधा आणि फक्त तेवढ्याच तपासा.

अशी ओळच नसेल किंवा असलेली बरोबर निघाली, तर सुट्या नावांवर नजर टाका. किरण, शीतल अशी नावे मुलाचीही असतात आणि मुलीचीही. नुसत्या नावावरून रकाना ठरवला की एक-दोन मुले चुकीच्या बाजूला जातात. त्यासाठी दाखल नोंद पाहावी.

प्रश्न : शीटमध्ये प्रत्येक ओळीचे एकूण बरोबर येते, पण मुलांची उभी बेरीज २८ ने कमी येते. सूत्र तर बरोबर आहे.

त्या रकान्यात २८ हा आकडा ज्या घरात आहे, तिथे तो संख्या म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून बसला आहे, असे धरून तपास सुरू करा. दुसरीकडून चिकटवलेल्या आकड्यामागे एखादी मोकळी जागा येते किंवा घराचे स्वरूपच ‘मजकूर’ असते. ओळीत तुम्ही अधिक चिन्ह वापरले असेल. ते अशा मजकुराचीही संख्या करून घेते, म्हणून ओळ जुळते. `SUM` मात्र रकान्यातला मजकूर न सांगता वगळते. आकडे दुसऱ्या ते आठव्या ओळीत, मुले B, मुली C आणि एकूण D रकान्यात असतील, तर ही तीन सूत्रे रिकाम्या घरांत टाका :

```
=COUNT(B2:B8)
=ISNUMBER(B5)
=B2+C2-D2
```

पहिल्याचे उत्तर ७ यायला हवे. ६ आले, तर सातांपैकी एक घर संख्या नाही. दुसरे सूत्र संशयित घरासाठी आहे. `FALSE` आले, तर घराचे स्वरूप ‘संख्या’ करा, आतला आकडा पुसा आणि हाताने पुन्हा लिहा. तिसरे सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत ओढा. प्रत्येक ठिकाणी शून्य आले पाहिजे.

सगळी घरे संख्याच निघाली, तर `SUM` चा पल्ला पाहा. शेवटी एखादी इयत्ता नंतर जोडली असेल, तर पल्ला आधीच्या ओळीवरच थांबलेला असू शकतो. याच्या उलट, बेरीज बरोबर दुप्पट आली, तर तळाची एकूणची ओळही पल्ल्यात आली आहे.

प्रश्न : सगळे तपासले. आकडे हजेरीपटाप्रमाणेच आहेत, तरी कार्यालयाच्या आकड्यात आणि आमच्यात २ चा फरक राहतो.

मग बेरीज सोडा आणि तारीख विचारा. पहिलीचा पट महिन्याच्या पहिल्या दिवशी मोजला, सातवीचा पाच दिवसांनी मोजला आणि मधल्या काळात दोन मुले दाखला घेऊन गेली, तर दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. सगळ्या इयत्तांसाठी एकच तारीख धरा आणि त्या तारखेपर्यंतचा हिशेब मांडा : आधीचा पट ४०९, नवे दाखल ८, नाव कमी केलेले ३, म्हणून आजचा पट ४१४. ही ओळ कार्यालयाच्या आणि तुमच्या नोंदींवरून वेगवेगळी लिहा. फरक आधीच्या पटात आहे, दाखल मुलांत आहे की कमी केलेल्यांत, ते लगेच दिसते.

तुकडी बदललेले मूलही पाहा. नव्या तुकडीत नाव चढते, पण जुन्या तुकडीतून कमी करायचे राहते आणि ते दोनदा मोजले जाते. तसेच एखाद्या वर्गाने पटाऐवजी त्या दिवशीची उपस्थिती दिली आहे का, हेही विचारा. नमुन्यात मुले आणि मुली यांखेरीज तिसरा रकाना असेल आणि तुमच्या तक्त्यात तो नसेल, तर त्यातली मुले फक्त एकूणमध्ये दिसतील. अशा वेळी तो रकाना तक्त्यात घ्यावा. त्या मुलांना दुसऱ्या रकान्यात ढकलू नये.

फरक सापडत नाही म्हणून एखाद्या मोठ्या वर्गात २ मिसळून तक्ता जुळवू नका. पुढच्या महिन्यात त्याच वर्गाचा हजेरीपट तुमच्या तक्त्याशी जुळणार नाही आणि तेव्हा कारण कोणालाच आठवणार नाही. त्यापेक्षा दोन्ही आकडे, दोन्ही तारखा आणि ‘फरक २, तपास चालू’ असा शेरा तक्त्याखाली लिहा. दुरुस्ती करताना जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, नवा आकडा वर लिहा आणि शेजारी तारखेसह सही करा.