होडीच्या बॅटरीसाठी नैसर्गिक की कृत्रिम ग्रॅफाइट?

प्रश्न: दाभोळच्या खाडीतल्या प्रवासी होडीसाठी आम्ही १० किलोवॅट-तासांचा पॅक जोडत आहोत. नैसर्गिक ग्रॅफाइटचे सेल स्वस्त मिळतात, कृत्रिमचे थोडे महाग. कोणते घ्यावेत?

उत्तर: फेऱ्यांच्या मधल्या वेळात भराभर चार्जिंग करणार असाल तर कृत्रिम किंवा मिश्र ग्रॅफाइटचे सेल घ्यावेत; रात्रभर सावकाश चार्ज करणार असाल तर नैसर्गिकही चालतील.

ग्रॅफाइट म्हणजे लिथियम-आयन सेलच्या ऋण बाजूचा, म्हणजे ॲनोडचा पदार्थ; चार्ज करताना लिथियम त्याच्या थरांत शिरते. किमतीचा हिशेब आधी पाहू. एका किलोवॅट-तासाला साधारण एक किलो ग्रॅफाइट लागते, म्हणजे तुमच्या पॅकमध्ये दहा किलो. दोन प्रकारांत किलोमागे शंभर रुपयांचा फरक धरला, तरी पूर्ण पॅकवर तो हजार रुपयेच होतो. त्यामुळे सेल फारच स्वस्त असतील, तर त्याचे कारण केवळ ग्रॅफाइट नसावे.

खरा फरक कणांच्या रचनेत आहे. खाणीतले ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांचे असते. ते दळून गोलसर करताना निम्म्याहून अधिक माल बारीक भुकटी होऊन बाजूला पडतो. मग आम्लाने शुद्ध करून त्यावर कार्बनचा लेप देतात. एवढे करूनही इलेक्ट्रोड दाबताना कण बरेचसे आडवे बसतात. लिथियम थरांमध्ये शिरले की ग्रॅफाइट त्या थरांना काटकोनातल्या दिशेने सुमारे दहा टक्के फुगते, आणि सगळे कण एकाच दिशेला झोपलेले असल्याने ही फुगवट सेलच्या जाडीत साठत जाते. शिवाय आयनांना पापुद्र्यांना वळसा घालून जावे लागते. म्हणून जोरात चार्ज केल्यास लिथियम आत न शिरता पृष्ठभागावर धातूच्या रूपात बसण्याचा धोका वाढतो. कृत्रिम ग्रॅफाइट हे खनिज तेल किंवा डांबरापासून मिळणारा कोक सुमारे ३००० अंश सेल्सिअसला तापवून बनते. त्यातले स्फटिक बहुधा वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्याने फुगवट विभागली जाते आणि आयुष्य वाढते; मात्र वीज प्रचंड लागते आणि प्रति ग्रॅम क्षमता किंचित कमी भरते.

पुरवठ्याच्या बाबतीत मात्र कृत्रिम घेऊन सुटका होत नाही, कारण दोन्ही प्रकारांची ॲनोडयोग्य प्रक्रिया मुख्यतः चीनमध्येच होते आणि डिसेंबर २०२३ पासून तिथून बऱ्याच प्रकारच्या ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना लागतो. खाणी मोझांबिक, मादागास्कर, ब्राझील इथेही आहेत, पण अडचण खाणीत नसून गोलाई आणि शुद्धीकरणाच्या कारखान्यांत आहे.

पुरवठादाराच्या शब्दावर न विसंबता ४५ अंश सेल्सिअसवरच्या, तुमच्याच वेगाने केलेल्या चार्ज-डिस्चार्जच्या नोंदी मागा. कोकणातल्या मे महिन्यात बंद पेटीतले तापमान तिथवर सहज जाते. मऊ पिशवीसारखे पाऊच सेल असतील तर दोन-तीन नमुने घेऊन पूर्ण चार्ज अवस्थेत मायक्रोमीटरने जाडी मोजा आणि शंभर चक्रांनंतर त्याच अवस्थेत, त्याच जागी पुन्हा मोजा. जाडी सतत वाढत असेल, तर पेटीत सेलना दाबून धरणाऱ्या पट्ट्या आणि फुगवटीची जागा आधीच ठरवावी लागेल. त्याबरोबर क्षमताही झपाट्याने उतरत असेल, तर ते सेल परत करावेत.